हाकेला ओ दिल्यानंतर : निर्हेतुक गप्पांसाठी आलेल्या लहान मुलाला द्यावयाचा प्रतिसाद

गोषवारा

तीन ते पाच वर्षांचे मूल मोठ्या माणसाजवळ येऊन हाक मारते किंवा अभिवादन करते, तेव्हा पुष्कळदा त्याच्या मनात काही मागणे नसते आणि सांगण्याजोगा विषयही नसतो. मोठी माणसे अशा हाकेला 'काय पाहिजे?' असे उत्तर देतात आणि संवाद तेथेच संपतो. तो का संपतो आणि कोणत्या प्रकारच्या उत्तराने पुढे चालतो, याचे विवेचन संभाषण-विश्लेषणाच्या आधारे प्रस्तुत लेखात केले आहे. मराठीतील अभिवादनाची पद्धत या संदर्भात कशी उपयोगी पडते, तसेच या प्रतिसादाच्या मर्यादा कोणत्या, हेही पाहिले आहे.

बीजसंज्ञा : अभिवादन, हाक आणि ओ, बालसंवाद, विषयाची जबाबदारी, संपर्कनिष्ठ बोलणे.

१. प्रस्तावना

लहान मुलाने अभिवादन करावे म्हणून घरोघरी प्रयत्न होतात. पाहुणे आले की 'काकांना नमस्कार कर' असे मुलाला सांगितले जाते. अमेरिकेत एस्थर ग्रीफ आणि जीन बर्को ग्लीसन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अभिवादन, आभार आणि निरोप यांचे शब्द लहान मुले स्वतःहून क्वचितच उच्चारतात. पालक मात्र ते शब्द त्यांच्याकडून वदवून घेण्याचा सातत्याने प्रयत्न करतात. अशा वेळी मूल जे बोलते ते पालकांच्या सांगण्यावरून बोलते आणि बोलणे झाले की त्याची जबाबदारी संपते.

प्रस्तुत लेखाचा विषय याच्या नेमका उलट आहे. येथे कोणीही न सांगता मूल स्वतःहून आले आहे. ते शेजारच्या काकूंच्या दारात, आजोबांच्या खुर्चीपाशी किंवा अंगणवाडीतील ताईंजवळ उभे राहते आणि 'काकू', 'आजोबा' किंवा 'ताई, मी आलो' एवढेच म्हणते. त्याला खाऊ नको असतो, निरोप द्यायचा नसतो, तक्रारही करायची नसते. त्याला बोलायचे असते, परंतु काय बोलायचे हे त्याने ठरवलेले नसते.

अशा निर्हेतुक बोलण्याची दखल भाषेच्या अभ्यासकांनी फार पूर्वी घेतली आहे. मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये असे प्रतिपादन केले की, माहिती देण्याघेण्याचा हेतू नसतानाही माणसे बोलतात आणि त्या बोलण्याने परस्परांमधील बंध निर्माण होतो. हवापाण्याविषयीची चौकशी या प्रकारात मोडते. या प्रकाराला येथे संपर्कनिष्ठ बोलणे म्हटले आहे. प्रौढांना ते इतके सरावाचे असते की, 'काय, कसं काय?' या प्रश्नाला प्रकृतीचा सविस्तर वृत्तान्त कोणी देत नाही. लहान मुलाजवळ मात्र ही तयार वाक्ये फारशी नसतात. बंधाची इच्छा आहे, पण ती निभावून नेणारी वाक्ये नाहीत, अशा अवस्थेत ते दारात उभे असते. म्हणून अशा भेटीचे पुढे काय होईल, हे बहुतांशी मोठ्या माणसाच्या पहिल्या उत्तरावर अवलंबून राहते.

२. हाक, ओ आणि विषयाची जबाबदारी

पहिल्या उत्तराचे महत्त्व समजून घेण्यासाठी इमॅन्युएल शेग्लॉफ यांच्या १९६८ मधील निबंधाचा आधार घेता येतो. पोलिसांकडे आलेल्या सुमारे ५०० दूरध्वनींच्या आरंभीच्या संभाषणांचा त्यांनी अभ्यास केला. दूरध्वनीची घंटा ही एक प्रकारची हाक आणि पलीकडून आलेला पहिला शब्द म्हणजे तिला दिलेली ओ, अशी त्यांची मांडणी होती. हाक आणि ओ ही जोडी स्वतंत्रपणे पूर्ण होत नाही, तर ती पुढील बोलण्याची केवळ प्रस्तावना असते. ज्याने हाक मारली त्याने ओ मिळाल्यानंतर पुन्हा बोलणे आणि विषय पुरवणे अपेक्षित असते. शिवाय एकदा ओ मिळाल्यावर हाक मारणाऱ्याने तीच हाक पुन्हा मारायची नसते.

हा नियम मराठी भाषकांनाही अनोळखी नाही. हाकेला ओ दिल्यावर समोरच्याने काहीच सांगितले नाही तर 'मग हाक कशाला मारलीस?' असे आपण सहज विचारतो. प्रौढांच्या व्यवहारात हा नियम न्याय्यही आहे, कारण दुसऱ्याचे लक्ष वेधून घेणाऱ्याने त्याचे कारण सांगावे, ही अपेक्षा वाजवी ठरते.

गप्पांसाठी आलेल्या चार वर्षांच्या मुलाला मात्र हाच नियम अडचणीत टाकतो. त्याने हाक मारली आणि मोठ्या माणसाने 'काय?' म्हणून ओ दिली की विषय पुरवण्याची जबाबदारी त्याच्याकडे येते, आणि विषय तर त्याच्याजवळ नाही. अशा वेळी मूल सामान्यतः तीनपैकी एक मार्ग धरते. ते 'काही नाही' म्हणून निघून जाते, किंवा ऐनवेळी एखादे मागणे शोधून काढते आणि तहान नसताना पाणी मागते, किंवा पुन्हा तीच हाक मारते. 'आई', 'काय?', 'आई', 'अरे काय?' ही घरोघरी ऐकू येणारी मालिका या तिसऱ्या मार्गाची आहे. मूल त्रास देण्यासाठी असे करते, अशी समजूत असते. शेग्लॉफ यांच्या मांडणीच्या प्रकाशात पाहिले तर त्याचा वेगळा अर्थ लावता येतो. मुलाला हाक मारण्याची पायरी जमली आहे, तिच्या पुढची पायरी अद्याप जमलेली नाही, आणि म्हणून ते जमलेल्या पायरीवर पुन्हा येऊन उभे राहते.

यावरून योग्य प्रतिसादाचे मुख्य सूत्र हाती येते. निर्हेतुक हाकेला उत्तर देताना मोठ्या माणसाने केवळ ओ देऊन थांबू नये. नियमाने मुलावर येणारी विषयाची जबाबदारी त्याने स्वतःकडे घ्यावी आणि एखादा लहानसा, समोर दिसणारा विषय मुलापुढे ठेवावा. पुढील सर्व विवेचन या सूत्राचाच विस्तार आहे.

३. दोन प्रकारचे प्रारंभ

हे सूत्र लावण्यापूर्वी एक भेद लक्षात घ्यावा लागतो, कारण मुलाची प्रत्येक हाक विषयावाचून असतेच असे नाही. हार्वे सॅक्स यांनी १९७२ मध्ये मुलांच्या कथनाविषयी लिहिताना एका वेगळ्या प्रारंभाकडे लक्ष वेधले. इंग्रजी बोलणारी लहान मुले मोठ्यांशी बोलताना 'तुम्हाला माहीत आहे का?' अशा अर्थाच्या प्रश्नाने पुष्कळदा सुरुवात करतात. या प्रश्नाला मोठी माणसे 'काय?' असा प्रतिप्रश्न करतात आणि त्या प्रतिप्रश्नाचे उत्तर म्हणून मुलाला बोलण्याचा हक्क प्राप्त होतो. मोठ्यांच्या सभेत मुलाचा बोलण्याचा अधिकार मर्यादित असतो. मूल स्वतः एक प्रश्न विचारून मोठ्यांना दुसरा प्रश्न विचारायला लावते आणि अशा रीतीने तो अधिकार मिळवते, असे सॅक्स यांचे निरीक्षण होते.

मराठी मुलांच्या बोलण्यात 'एक गंमत सांगू?', 'बाबा, माहितीय का?', 'आई, ऐक ना' हे प्रारंभ याच जातीचे आहेत. येथे मुलाजवळ विषय तयार आहे आणि त्याला केवळ वाट मोकळी करून हवी आहे. अशा वेळी 'काय?' किंवा 'सांग ना' हेच योग्य उत्तर होय. तेथे मोठ्या माणसाने स्वतःचा विषय पुढे केला तर मुलाचा विषय दडपला जातो.

म्हणजे 'काय?' हे उत्तर स्वभावतः चुकीचे नाही. ते एका प्रकारच्या प्रारंभाला उचित ठरते आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रारंभाला अनुचित. हा भेद ओळखणे फारसे अवघड नाही. ज्या मुलाजवळ विषय असतो त्याच्या बोलण्यात 'सांगू', 'ऐक', 'माहितीय' अशी सांगण्याची क्रिया असते, ते बहुधा घाईने आलेले असते आणि ओ मिळताच पुढचे वाक्य सुरू करते. ज्याच्याजवळ विषय नसतो ते नुसते नाते उच्चारते, किंवा 'मी आलो', 'तुम्ही बसलात?' असे दिसणारेच सांगते, आणि त्यानंतर उत्तराची वाट पाहत उभे राहते. भेद कळला नाही तर क्षणभर थांबणे हाच उपाय आहे. विषय असलेले मूल त्या क्षणात बोलू लागते.

४. मराठीतील अभिवादनाचे स्वरूप

विषयाची जबाबदारी मोठ्या माणसाने स्वीकारावी, हे सूत्र मराठीत अमलात आणण्यासाठी नवी वाक्ये घडवण्याची आवश्यकता नाही, कारण मराठीतील घरगुती अभिवादनाची घडणच त्याला अनुकूल आहे. 'नमस्कार' आणि 'राम राम' हे शब्द आहेतच, परंतु रोजच्या ओळखीच्या माणसांत अभिवादन बहुधा डोळ्यांसमोरच्या घटनेविषयीच्या प्रश्नाने होते. दारात आलेल्या माणसाला 'आलात का?', पिशवी घेऊन निघालेल्याला 'बाजारात का?', हात धुऊन आलेल्याला 'झालं का जेवण?' असे विचारले जाते. उत्तर प्रश्नकर्त्याला दिसतच असते. येथे प्रश्नाचे काम माहिती मिळवण्याचे नसून आल्याची दखल घेण्याचे असते.

लहान मुलाचे 'काकू, तुम्ही भाजी निवडताय?' हे वाक्य याच घडणीचे आहे. त्याला 'दिसत नाही का?' असे उत्तर देणे म्हणजे अभिवादनाला माहितीचा प्रश्न समजणे होय. हीच चूक उलट दिशेनेही घडते, मात्र तेथे ती मुलाकडून घडते आणि तिचा परिणाम गोड असतो. 'जेवलास का?' हे विचारणाऱ्याचे अभिवादन असते, तर तीन वर्षांचे मूल त्याला खरा प्रश्न समजून भात, वरण आणि सांडलेले ताक यांचा पूर्ण वृत्तान्त सांगते. अशा वेळी तो वृत्तान्त ऐकून घ्यावा, कारण मुलाला आयताच विषय सापडलेला असतो.

मुलाच्या हाकेला द्यावयाच्या उत्तराचे घटक यावरून तीन ठरतात. पहिला घटक आल्याची दखल : 'आलास का? ये.' दुसरा घटक समोरच्या एखाद्या गोष्टीविषयीचे साधे विधान : 'मी मेथी निवडतेय.' तिसरा घटक शांतता. 'ये' या एका शब्दाने मुलाला जागा मिळते, विधानाने विषय मिळतो आणि शांततेने वेळ मिळतो. 'रे' आणि 'गं' ही संबोधने, मुलाचे नाव किंवा घरातील लाडके नाव यांमुळे ही दखल त्या विशिष्ट मुलाची आहे, हे त्याला कळते. मोठ्या माणसाने बसून किंवा वाकून मुलाच्या नजरेच्या पातळीवर येणे हाही दखलेचाच भाग आहे.

५. एका प्रसंगाचे विश्लेषण

वरील विवेचन एका नमुन्याच्या प्रसंगावर तपासून पाहता येईल. प्रसंग कल्पित असला तरी परिचयाचा आहे. दुपारची वेळ आहे. शेजारच्या काकू दाराजवळ बसून मेथी निवडत आहेत. चार वर्षांची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते. या एकाच प्रारंभाची तीन रूपे पुढे दिली आहेत.

पहिले रूप :

मुलगी : काकू.
काकू : काय गं, काय पाहिजे?
मुलगी : काही नाही.
काकू : आईनं पाठवलंय का?
मुलगी : नाही.
काकू : मग?
(मुलगी दाराची कडी हलवते आणि निघून जाते.)

दुसरे रूप :

मुलगी : काकू.
काकू : ये ये. कुठल्या शाळेत जातेस गं तू?
मुलगी : बालवाडीत.
काकू : बाई काय शिकवतात?
मुलगी : गाणी.
काकू : म्हणून दाखव बघू एक.
(मुलगी फ्रॉकचे टोक तोंडात धरून गप्प उभी राहते.)

तिसरे रूप :

मुलगी : काकू.
काकू : आलीस का? ये. मी मेथी निवडतेय बघ.
(मुलगी आत येऊन बसते. थोडा वेळ कोणीच बोलत नाही.)
मुलगी : ही माती आहे.
काकू : हो गं, मुळांना माती लागलीय. धुतली की निघेल.
मुलगी : आमच्या कुंडीत पण माती आहे.
काकू : कुंडीत होय!
मुलगी : त्यात मुंगळा होता.
काकू : मुंगळा?
मुलगी : हो. बाबांच्या पायावर चढला.
काकू : अगं बाई! मग?
मुलगी : मग बाबा नाचले.
(दोघी हसतात. मुलगी काही काड्या वेगळ्या करते.)
मुलगी : मी जाते.
काकू : बरं, ये हं परत.

पहिल्या रूपात काकू कठोर नाहीत. त्यांचा 'गं' प्रेमळ आहे आणि मुलीची गरज जाणून घेण्याची त्यांची इच्छाही खरी आहे. परंतु त्यांचे तिन्ही प्रश्न एकाच गोष्टीचा शोध घेतात, ती म्हणजे येण्याचे कारण. मुलीजवळ कारण नसल्यामुळे प्रत्येक प्रश्नाबरोबर तिचे तेथे असणे अधिकाधिक असमर्थनीय होत जाते. शेवटचा 'मग?' हा शब्द तर 'कारण नसेल तर तू येथे का?' असाच ऐकू येतो. या रूपात मुलगी एकूण चार शब्द बोलते आणि त्यांतील दोन 'नाही' आहेत.

दुसऱ्या रूपात स्वागत आहे आणि विषयही काकूंनी पुरवला आहे. तरीही संवाद थांबतो, कारण विषय परीक्षेच्या स्वरूपात आला आहे. शाळा कोणती, बाई काय शिकवतात, गाणे म्हणून दाखव, ही मुलांशी बोलण्याची आपल्याकडील सर्वांत रूढ रीत आहे. तिच्यात प्रत्येक वेळी विषय मोठ्या माणसाने निवडायचा आणि मुलाने एका शब्दात उत्तर द्यायचे, अशी वाटणी होते. शेवटी तर गप्पांसाठी आलेल्या मुलीवर सादरीकरणाची जबाबदारी येऊन पडते.

तिसऱ्या रूपात काकूंचे पहिले वाक्य म्हणजे वर सांगितलेले तीन घटक होत. त्यांनी मांडलेला विषय मेथीचा होता, मुलीने उचलला तो मातीचा. काकूंनी मेथीचा आग्रह न धरता मातीविषयी एक वाक्य जोडले. मुलाच्या वाक्यात थोडी भर घालून ते परत करण्याची ही पद्धत रॉजर ब्राऊन आणि उर्सुला बेलुगी यांनी १९६४ मध्ये मातांच्या बोलण्यात नोंदवली होती. मातीवरून कुंडी आणि कुंडीवरून मुंगळा, हा प्रवास मुलीने स्वतः केला. म्हणजे आरंभी नसलेला विषय चार वाक्यांत तिला सापडला आणि तो सांगण्याजोगा प्रसंगही निघाला.

त्यानंतर काकूंचे काम बदलले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. विषय सापडेपर्यंत त्या विषय पुरवत होत्या. तो सापडल्यावर 'मुंगळा?' आणि 'मग?' एवढेच म्हणून त्या बाजूला झाल्या. हे 'मग?' पहिल्या रूपातील 'मग?'हून वेगळे आहे. तेथे तो शब्द मुलीच्या येण्याला आव्हान देत होता, येथे तो तिच्या कथनाला वाट देतो. 'बाबा नाचले नसतील, पाय झटकला असेल' अशी दुरुस्तीही काकूंनी केली नाही. या रूपात काकू सहा वेळा बोलल्या आणि मुलगी सात वेळा. मुलीच्या तोंडी एकवीस शब्द आले. कोणत्याही प्रश्नाचे बरोबर किंवा चूक असे उत्तर तिला द्यावे लागले नाही.

६. प्रश्नांचे प्रमाण आणि शांतता

दुसऱ्या रूपातील उणीव केवळ घरगुती नाही. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी इंग्लंडमध्ये सुमारे चार वर्षांच्या तीस मुलींचे घरातील आणि बालशाळेतील बोलणे ध्वनिमुद्रित केले. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार, ज्या मुली घरी आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत, त्याच मुली बालशाळेत शिक्षिकांना तासाला सरासरी केवळ दोन प्रश्न विचारत. शाळेतील बोलण्यात प्रश्न प्रामुख्याने शिक्षिकेचे असत आणि मुली उत्तरापुरते बोलत. मुली त्याच होत्या, बदलली होती ती संवादातील वाटणी. यावरून मोठ्या माणसाने प्रश्न विचारूच नयेत असे ठरत नाही. परंतु प्रश्नामागून प्रश्न आल्यास मुलाकडे उत्तर देण्याखेरीज दुसरी भूमिका उरत नाही, हे मात्र स्पष्ट होते.

शांततेविषयीचा पुरावा मेरी बड रो यांच्या कामातून मिळतो. अमेरिकेतील प्राथमिक वर्गांत शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, असे त्यांना सत्तरच्या दशकातील अभ्यासात आढळले. हा काळ तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि न विचारता बोलण्याचे प्रमाणही वाढले. तो अभ्यास वर्गातील मोठ्या मुलांचा होता. तीन-चार वर्षांच्या मुलाला शब्द जुळवण्यास अधिक वेळ लागत असल्याने त्याच्याबाबतीत थांबण्याची गरज अधिकच आहे. प्रौढांना तीन सेकंदांची शांतता अवघडल्यासारखी वाटते आणि ती भरून काढण्यासाठी पुढचा प्रश्न बाहेर पडतो. हातात काम असेल तर ही शांतता सुसह्य होते. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे किंवा कुंड्यांना पाणी घालणे चालू असताना मुलांशी गप्पा अधिक रंगतात, त्याचे एक कारण हेही असावे. तेथे दोघांची नजर एकाच वस्तूवर असते आणि न बोलणेही चालून जाते.

७. निरोप आणि नकार

अशा गप्पांचा शेवट बहुधा अचानक होतो. 'मी जाते' म्हणून, किंवा तेही न म्हणता, मूल उठून जाते. प्रौढांच्या निरोपाला असते तशी प्रस्तावना त्याला नसते. हा अनादर समजू नये आणि बोलण्यात आणखी अडकवून ठेवू नये. मराठीत निघताना 'जातो' ऐवजी 'येतो' म्हणण्याची रीत आहे. मुलाने 'जाते' म्हटल्यास तेथे थांबवून दुरुस्ती करण्यापेक्षा 'ये हं परत' असे उत्तर देणे बरे. त्यातून योग्य क्रियापद त्याच्या कानावर पडते आणि पुन्हा येण्याचे निमंत्रणही मिळते.

मोठ्या माणसाला खरोखरच वेळ नसतो, असाही प्रसंग येतो. त्या वेळी 'नंतर' किंवा 'पाच मिनिटांनी' हे उत्तर चार वर्षांच्या मुलाला उपयोगी पडत नाही, कारण मिनिटांचे माप त्याला अवगत नसते. मग ते अर्ध्या मिनिटाने परत येते आणि रागावून घेते. त्याऐवजी आधी दखल आणि मग डोळ्यांना दिसेल अशा घटनेशी बांधलेला शब्द द्यावा : 'आलास का? मी फोनवर बोलतोय. फोन खाली ठेवला की तू ये.' फोन खाली ठेवल्यावर मात्र हाक मारण्याची पाळी मोठ्या माणसाची असते. दिलेला शब्द दोन-तीन वेळा पाळला गेला नाही तर पुढील वेळी अशा आश्वासनाला काही अर्थ उरत नाही.

८. मर्यादा

या विवेचनाला तीन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा अशी की, निर्हेतुक वाटणाऱ्या हाकेमागे कधीकधी न सांगता येणारी गरज असते. मूल पायांची चुळबुळ करीत असेल, पोट किंवा कान धरीत असेल, आवाज रडवेला असेल, किंवा एरवी दूर खेळणारे मूल पदर सोडत नसेल, तर विषय शोधत बसू नये. तेथे 'शूला जायचंय का?', 'कुठं दुखतंय का?' असा सरळ प्रश्नच हवा. एकदा 'काही नाही' असे उत्तर आले म्हणून विचारणे थांबवणेही अशा वेळी योग्य नव्हे.

दुसरी मर्यादा स्थळाची आहे. येथे उल्लेखिलेले अभ्यास ब्रिटन आणि अमेरिकेतील आहेत आणि ते प्रामुख्याने एक मूल व एक मोठे माणूस किंवा एक वर्ग यांच्याविषयीचे आहेत. आपल्याकडे मूल अनेक माणसांच्या बोलण्यात बसलेले असते आणि ऐकूनही शिकते. अंगणवाडीत सकाळी एकामागून एक मुले येत असताना सेविकेला प्रत्येकाशी तिसऱ्या रूपाइतका संवाद साधणे शक्य नसते. तेथे दखल आणि एक विधान एवढेच साधता येते : 'आलीस का? आज नवी चप्पल!' वाढवण्याचे काम मग इतर मुले करतात. ज्या मुलाची घरची भाषा वारली, कोकणी किंवा हिंदी आहे, त्याला दखल तरी त्याच्या भाषेत मिळावी, कारण पहिला शब्दच परका असेल तर पुढील शांतता त्याला निमंत्रण वाटत नाही.

तिसरी मर्यादा नात्याची आहे. हा सर्व विचार मुलाच्या ओळखीच्या माणसांपुरता आहे. अनोळखी मोठ्या माणसाने मुलाला आत बोलावणे किंवा त्याच्याकडून घरची माहिती काढणे यात बसत नाही. त्याने दखल घेऊन एखादे वाक्य बोलावे, तेही मुलाच्या घरच्यांच्या नजरेसमोर.

९. निरीक्षणाची खूण

शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र किंवा भाषाविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हा विषय विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यासाठी घेता येईल. पालकांच्या संमतीने अशा पाच-सहा भेटींचे संवाद जसेच्या तसे लिहून घ्यावेत आणि प्रत्येकात दोन गोष्टी मोजाव्यात : मुलाच्या वाक्यांतील शब्द वाढत गेले की घटत गेले, आणि शेवटी बोलला जाणारा विषय कोणी आणला होता. शब्द घटत एका शब्दावर आले आणि विषय अखेरपर्यंत मोठ्या माणसाचाच राहिला, तर बोलणे चौकशीकडे वळले असे समजावे. मोठ्या माणसाच्या विषयावरून सुरुवात होऊन शेवटी मुलाचा विषय चालू असेल, तर ओ योग्य रीतीने दिली गेली असे म्हणता येईल.

१०. समारोप

गप्पांसाठी आलेल्या लहान मुलाला बोलायला लावण्याची गरज नसते, कारण बोलण्याची इच्छा घेऊनच ते आलेले असते. त्याच्याजवळ नसतो तो पहिला विषय. हाक मारणाऱ्याने विषय आणावा, हा प्रौढांच्या संभाषणातील नियम थोडा वेळ बाजूला ठेवून मोठ्या माणसाने 'ये' म्हणावे, समोरचे काही दाखवावे आणि थांबावे, एवढ्यावर ही उणीव भरून निघते. 'काय पाहिजे?' या प्रश्नाला दारातील मुलीजवळ खरे उत्तर एकच होते, ते म्हणजे 'तुमच्याजवळ बसायचे आहे'. चार वर्षांच्या मुलीला ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते न विचारता ओळखावे लागते.